स्टँडर्ड कॉस्ट आदर्श ठेवायची की गाठता येईल अशी? आणि वर्षाच्या मधे बदलायची तर कधी?

ताळेबंद्या

मंडळी, नमस्कार. पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंग बघतो. आमच्याकडची सगळी स्टँडर्ड्स, म्हणजे एका नगाला किती खर्च यायला हवा याचे आधी ठरवलेले आकडे, 'आदर्श' आहेत. म्हणजे मशीन बंद पडणार नाही, एकही नग खराब होणार नाही, पत्रा जराही वाया जाणार नाही, असं धरून काढलेली. वरच्यांचं म्हणणं असं की लक्ष्य उंच असलं की माणूस उडी मारतो.

उदाहरणाला एकच ब्रॅकेट घेतो. स्टँडर्ड २.०० किलो पत्रा, दर ६० रुपये किलो. महिन्याला १०,००० नग, म्हणजे २०,००० किलो लागायला हवा. गेल्या चार महिन्यांत लागला २१,५००, २१,७००, २१,६०० आणि २२,१०० किलो. दर महिन्याला युसेज व्हेरिअन्स, म्हणजे स्टँडर्ड आणि प्रत्यक्ष वापर यांतल्या फरकाची किंमत, लाखाच्या आसपास, आणि कायम प्रतिकूल. रिपोर्ट पाठवला की सुपरवायझर उघडतसुद्धा नाहीत.

त्यात दोन गोष्टी नव्याने झाल्या. पत्र्याचा दर ६० वरून ६६ झाला. आणि हा भाग आता शिअर-पंचऐवजी लेझरवर कापायला घेतला आहे. स्टँडर्ड आता बदलायचं की वर्ष संपेपर्यंत थांबायचं, यावर ऑफिसात दोन तट पडले आहेत. तुमच्याकडे काय करतात?

शिफ्टसुपर

रिपोर्ट उघडत नाहीत म्हणालात, त्यांच्यापैकीच मी एक समजा (तुमच्या कारखान्यातला नाही, पण आमच्याकडेही हेच नाटक). जो आकडा कोणी कधीच गाठला नाही त्याच्याशी तुलना करून आम्हाला दर महिन्याला नापास करायचं, आणि वर विचारायचं की सुधारणा का नाही. पत्र्याच्या टोकाला जी पट्टी उरते ती काय मी घरी नेतो? सरळ गेल्या वर्षीची सरासरी काढा आणि तेच स्टँडर्ड ठेवा. विषय संपला.

निवृत्त_कॉस्टिंग

ताळेबंद्या, आधी एक सांगा. हे २.०० किलो नेमकं कशाचं वजन आहे? ड्रॉइंगवरून काढलेलं तयार भागाचं निव्वळ वजन, की लेआउटप्रमाणे एका नगाला लागणारा पत्रा? कित्येक ठिकाणी डिझाइनवाल्यांकडून आलेलं निव्वळ वजनच बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत, चिकटवलेलं असतं आणि त्यालाच 'आदर्श' म्हणतात. दोन नगांच्या मधे जी जाळी उरते ती जगातला कुठलाही कारागीर वाचवू शकत नाही. तसं असेल तर तुमचा आकडा आदर्शही नाही, तो नुसता चुकीचा आहे.

ताळेबंद्या

ताई, लेआउटचंच आहे. नगांमधली जाळी धरलेली आहे. फक्त शीटच्या टोकाची पट्टी, सेटिंगला जाणारे नग आणि रिजेक्शन धरलेलं नाही.

निवृत्त_कॉस्टिंग

मग ठीक. हा खरा आदर्श आकडा आहे. आता तुमच्याच चार महिन्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा.

आदर्शाच्या तुलनेत जादा लागलेला पत्रा अनुक्रमे १,५००, १,७००, १,६०० आणि २,१०० किलो. चारही आकडे मोठे, चारही प्रतिकूल. चौथा महिना वाईट होता हे या रांगेत चटकन दिसत नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात 'हे तर नेहमीचंच' असं बसलेलं आहे.

समजा नेहमीचं नुकसान नगामागे ०.१६ किलो आहे असं धरून तुम्ही स्टँडर्ड २.१६ केलं असतं, तर महिन्याला २१,६०० किलो मान्य झाला असता. मग तेच चार महिने असे दिसले असते: १०० किलो वाचला, १०० जादा, बरोबर शून्य, आणि एकदम ५०० जादा. आता चौथ्या महिन्यावर बोट ठेवायला कोणी शिकवावं लागत नाही. ५०० किलो म्हणजे ३०,००० रुपये, आणि ते का गेले हे विचारता येतं. आदर्शाच्या रिपोर्टमध्ये तेच ३०,००० तुमच्या १,२६,००० च्या पोटात दडून बसले आहेत.

माझी कसोटी साधी आहे. व्हेरिअन्स महिनोन्महिने एकाच बाजूला पडत असेल तर आधी स्टँडर्ड तपासा, माणसं नंतर. चांगलं स्टँडर्ड कधी थोडं इकडे, कधी थोडं तिकडे जातं.

बरं, चौथ्या महिन्यात काय झालं होतं?

ताळेबंद्या

कोणी विचारलंच नव्हतं! तुमचा प्रतिसाद वाचून आज खाली जाऊन आलो. त्या महिन्यात शिअरचा बॅकगेज, म्हणजे पट्टीची रुंदी ठरवणारा अडसर, सैल झाला होता. पट्ट्या एक-दोन मिलिमीटर रुंद निघत होत्या, त्यामुळे एका शीटमधून शेवटची एक पट्टी बसेना. मेंटेनन्सच्या वहीत नोंद आहे, कॉस्टिंगला पत्ता नाही.

शिफ्टसुपर

बघा! आणि आम्ही सांगायला गेलो असतो तर 'नेहमीचीच कारणं' म्हणाले असते. पण मग मी काय वेगळं म्हणालो? सरासरीच घ्या की.

निवृत्त_कॉस्टिंग

शिफ्टसुपर, तुमचं अर्धं बरोबर आहे. गाठता येईल असं स्टँडर्ड हवं, हे मान्य. पण गेल्या वर्षीच्या सरासरीत तो सैल बॅकगेजही आला ना? सरासरी घेतली की गेल्या वर्षीचा सगळा गलथानपणा स्टँडर्डमध्ये कायमचा पक्का होतो आणि पुढच्या वर्षी त्याला कोणी जाब विचारत नाही.

भत्ता कारणांप्रमाणे बांधायचा असतो. टोकाची पट्टी किती उरणार हे शीटच्या आणि पट्टीच्या मापावरून कागदावर निघतं, त्याला इतिहास लागत नाही. सेटिंगचे नग किती, तर महिन्यात सेटिंग किती वेळा आणि दर वेळी किती नग जातात, हे उभं राहून मोजायचं. रिजेक्शनसाठी मशीन सुस्थितीत असताना आठवडाभर नोंद ठेवायची. ताळेबंद्यांच्या बाबतीत समजा पट्टीचे ०.१०, सेटिंगचे ०.०४ आणि रिजेक्शनचे ०.०२ आले, तर झाले ०.१६. याचा मोठा फायदा पुढे पद्धत बदलताना दिसतो, कारण कोणता तुकडा बदलला ते कळतं.

सिस्टीमभाऊ

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्याकडे ईआरपीमध्ये दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्या मटेरियलची स्टँडर्ड किंमत शेवटच्या खरेदी दरावर आणतो. बटण दाबलं की झालं. प्राइस व्हेरिअन्स जवळजवळ शून्य. स्टँडर्ड कायम ताजं.

खरेदीखाते

सिस्टीमभाऊ, तुमच्या खरेदीवाल्यांची मज्जा आहे राव. कितीही महाग घ्या, पुढच्या महिन्यात तेच स्टँडर्ड!

निवृत्त_कॉस्टिंग

खरेदीखात्यांनी एका ओळीत सांगितलं. ज्या आकड्याशी तुलना करायची तोच दर महिन्याला प्रत्यक्षाच्या मागे धावत असेल तर तुलना कशाशी करणार? तो गेल्या महिन्याचा प्रत्यक्ष खर्च झाला, फक्त नाव स्टँडर्ड. शिवाय नगाची कॉस्ट या महिन्यात वाढली ती दरामुळे की पत्रा जास्त लागल्यामुळे, हेही मग पटकन वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकदमच हललेले असतात.

सिस्टीमभाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच, की शिळा दर घेऊन कोटेशन देऊ नये. पण त्यासाठी स्टँडर्ड हलवायची गरज नाही. कॉस्ट शीटमध्ये 'आजचा दर' असा वेगळा रकाना ठेवा. विक्रीवाले तो बघतील, व्हेरिअन्स रिपोर्ट स्टँडर्डवर चालेल.

छपाईताई

माझा छोटा छापखाना आहे. धाग्यात घुसते, चालेल ना? कागदाचा दर इतका बदलतो की मी दर पंधरा दिवसांनी रेट कार्ड नवीन काढते, तरी दोन-तीन ऑर्डरी अंगावर येतातच. तुम्ही सगळे म्हणताय की वर्षभर दर बदलू नका. मग गिऱ्हाइकाला जुन्या दराने छापून देऊ का? हे मला काही पटलं नाही.

निवृत्त_कॉस्टिंग

छपाईताई, तुमचा प्रश्न विक्रीच्या दराचा आहे, तो इथे चाललेला नाही. गिऱ्हाइकाला आजच्याच दराने द्या, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्हाला दुसरं एक स्टँडर्ड उपयोगी पडेल. मशीन लावताना रंग जुळेपर्यंत किती कागद जातो, आणि छपाई सुरू झाल्यावर शेकडा किती खराब होतो? ते ठरवून ठेवा, पण फक्त कागदाच्या संख्येत, रुपयांत नाही. दर कितीही नाचला तरी तो आकडा तसाच राहतो, आणि ऑर्डर अंगावर आली ती दरामुळे की वाया गेलेल्या कागदामुळे हे कळतं.

छपाईताई

संख्येत ठेवायचं हे आवडलं. मी ते रुपयांत लिहून ठेवते आणि दर बदलला की सगळं पुन्हा मांडत बसते.

खरेदीखाते

आता माझं गाऱ्हाणं. पत्रा ६० चा ६६ झाला तो बाजाराने केला. खरेदी २२,००० किलो, फरक ६ रुपये, म्हणजे १,३२,००० प्रतिकूल प्राइस व्हेरिअन्स माझ्या नावावर. मीटिंगमध्ये तो आकडा मोठ्या अक्षरात. बाजारभाव मी ठरवतो का? म्हणून मी म्हणतो, दर खरोखर बदलला की स्टँडर्ड बदला.

निवृत्त_कॉस्टिंग

बदलू नका, फोडा. वर्षाच्या सुरुवातीला ६० ठरवलं तेव्हा ते शहाणपणाचं होतं. आज मागे वळून पाहिलं तर त्या महिन्यासाठी योग्य दर किती असायला हवा होता? समजा त्याच ग्रेडच्या, त्याच जाडीच्या पत्र्याला बाजारात सगळ्यांना ६५ पडत होता. तर ६० ते ६५ मधला फरक, म्हणजे ५ रुपयांप्रमाणे १,१०,०००, हा अंदाज चुकल्याचा भाग. तो वरच्यांनी बघायचा, कारण विक्रीदर आणि बजेट त्यांना हलवायचं आहे. उरलेला १ रुपया, म्हणजे २२,०००, हा खरेदीचा. त्यावर खरेदीने उत्तर द्यायचं. उशिरा ऑर्डर दिली का, छोट्या लॉटमध्ये घेतला का, वगैरे.

असं केलं की स्टँडर्ड ६० वरच राहतं, जुन्या महिन्यांशी तुलना तुटत नाही, आणि ज्याचं त्याच्या पदरात पडतं.

खरेदीखाते

ऐकायला छान. पण '६५ होता' हे ठरवणार कोण? मी ठरवलं तर मी ६६ सांगेन, म्हणजे माझं शून्य. :) आणि कॉस्टिंगवाले ठरवतील तर कुठल्या तरी वेबसाइटवरचा दर काढतील, ज्यात वाहतूक नाही आणि आमची जाडी नाही.

निवृत्त_कॉस्टिंग

ही या पद्धतीची खरी दुखरी नस आहे, लपवत नाही. मागाहून ठरवलेल्या दरात हात मारायला वाव असतो. थोडा बंदोबस्त एवढाच करता येतो, की कुठला निर्देशांक किंवा कुठली दरसूची घ्यायची, त्यावर वाहतूक आणि जाडीसाठी किती मिळवायचं, हे वर्ष सुरू होतानाच लिहून ठेवायचं. दर वाढल्यावर बसून ठरवायचं नाही. तरीही वाद होतात.

ऑडिटवाला

थोडा हिशेबाच्या बाजूनेही विचार करा. ताळेबंद्या, तुमचा तयार मालाचा साठा कुठल्या दराने दाखवता? आयएएस २ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात साठ्याच्या मूल्यांकनासाठी स्टँडर्ड कॉस्ट चालते, पण अट अशी की निकाल प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ जायला हवा. आणि स्टँडर्ड ठरवताना सामान, मजुरी, कार्यक्षमता आणि क्षमतेचा वापर यांची सर्वसाधारण पातळी धरायची, नियमित आढावा घ्यायचा, गरज पडली तर बदलायचं. 'सर्वसाधारण' हा शब्द महत्त्वाचा. आदर्श स्टँडर्ड त्यात बसत नाही.

टोकाची पट्टी हे नेहमीचं नुकसान आहे, ते नगाच्या किमतीतच यायला हवं. तुमच्याकडे ३,००० नग शिल्लक असतील तर नगामागे ९ रुपये ६० पैसे, म्हणजे २८,८०० रुपयांनी साठा कमी दिसतो आणि तेवढाच खर्च आधीच नफा-तोट्यात गेलेला असतो. उलट सैल बॅकगेजचे ५०० किलो हे असाधारण नुकसान. ते मात्र साठ्यात चढवायचं नाही, त्याच महिन्याचा खर्च.

ताळेबंद्या

आत्ता लक्षात आलं. दर वर्षअखेरीला ऑडिटर आम्हाला साठ्यात वाढ करणारी एक एंट्री करायला लावतात आणि आम्ही ती निमूट करतो. 'ऑडिट अ‍ॅडजस्टमेंट' एवढंच नॅरेशन असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. बीओएममध्ये २.०० असल्यामुळे माल किती मागवायचा हे काढणारी एमआरपी सिस्टीम महिन्याला २०,००० किलोच मागवते. मग शेवटच्या आठवड्यात पत्रा संपतो आणि जादा मालाच्या स्लिपा सुरू होतात. म्हणून स्टोअरवाल्याने स्वतःच सेफ्टी स्टॉक वाढवून ठेवला आहे. सिस्टीमला वाटतं तो अडीअडचणीसाठी आहे, प्रत्यक्षात तो दर महिन्याला खाल्ला जातो.

शिफ्टसुपर

स्लिपेवर आमची सही, आणि कारणाच्या जागी 'जादा वापर'. वा!

निवृत्त_कॉस्टिंग

म्हणजे तुमच्याकडे एकच आकडा तीन कामं करतोय: माणसांना लक्ष्य, माल मागवण्याचा हिशेब आणि साठ्याची किंमत. शेवटच्या दोन कामांना आदर्श आकडा चालतच नाही. बीओएममध्ये २.१६ घाला. वरच्यांना २.०० आवडत असेल तर तो सुधारणेच्या तक्त्यावर राहू द्या, 'अजून ०.१६ शिल्लक आहे' एवढं सांगायला. त्यावर व्हेरिअन्स काढू नका आणि कोणाचा बोनसही बांधू नका.

ताळेबंद्या

ठीक. आता लेझरचं. पहिला महिना झाला. १०,००० नगांना २१,००० किलो लागला. प्रॉडक्शनवाले म्हणतात की जुनं २.१६ धरलं तर ६०० किलो वाचवले, ३६,००० रुपये अनुकूल, वर्षअखेरपर्यंत स्टँडर्ड बदलू नका. माझ्या साहेबांना वाटतं की लगेच बदलावं.

शिफ्टसुपर

वाचवले तर वाचवले म्हणा की. एकदा चांगला आकडा आला तर तोही काढून घेणार?

निवृत्त_कॉस्टिंग

दराचं आणि पद्धतीचं इथे वेगळं आहे. दर बदलला तरी काम तेच असतं, म्हणून जुन्या दराशी तुलना अर्थ ठेवून असते. पद्धत बदलली की जुनं परिमाण एका अशा कामाचं वर्णन असतं जे आता कोणी करत नाही. पंचच्या स्टँडर्डवर लेझर मोजला तर वर्षभर फुकटचा अनुकूल आकडा मिळत राहील आणि त्याच्या सावलीत कितीही पत्रा वाया गेला तरी खपून जाईल. म्हणून पद्धत बदलली की परिमाण बदलायचं, आणि तेही वर्षाच्या तारखेने नाही, नव्या पद्धतीने कापणी सुरू झाली त्या बॅचपासून.

मघाशी भत्ता तुकड्यांत बांधला तो इथे कामाला येतो. लेझरवर नेस्टिंग केल्यामुळे टोकाच्या जागेत दुसरा भाग बसतो, म्हणून पट्टीचे ०.१० चे झाले ०.०२. सेटिंग निम्मं, ०.०२. रिजेक्शन तेवढंच, ०.०२. म्हणजे २.०६. या २.०६ शी तुलना केली तर पहिल्या महिन्यात २०,६०० च्या जागी २१,००० लागले. ४०० किलो, २४,००० रुपये प्रतिकूल. जिथे पाठ थोपटली जात होती तिथे प्रश्न आहे.

आणि शिफ्टसुपर, बचत झाली नाही असं मी म्हणत नाही. ती झाली, पण ती लेझर घेण्याच्या निर्णयाची. ती वेगळ्या ओळीत दाखवा, महिन्याच्या कामगिरीत मिसळू नका.

शिफ्टसुपर

पहिल्याच महिन्यात २.०६? पोरं अजून प्रोग्राम शिकतायत. गॅसचा दाब, फोकस, सगळं चाचपडत चाललंय. हे पुन्हा आदर्शच झालं की.

निवृत्त_कॉस्टिंग

हा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर. स्थिरावण्याचे दोन-तीन महिने पायरीने घ्या: आधी २.१०, मग २.०६. फक्त पायऱ्या आणि त्यांच्या तारखा आधी लिहून ठेवा. नाहीतर शिकण्याचा काळ संपतच नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि ताळेबंद्या, नुसतं बीओएम बदलून थांबू नका. लेझरचा वेळ पंचपेक्षा जास्त लागत असणार. राउटिंग, म्हणजे कुठल्या मशीनवर किती वेळ याची नोंद, बदललं का?

ताळेबंद्या

नाही. राउटिंग इंजिनिअरिंगवाले करतात, ते म्हणाले पुढच्या महिन्यात बघू. नगामागे मशीनचा वेळ दीड मिनिट वाढलाय. मशीनचा दर तासाला १८० रुपये.

निवृत्त_कॉस्टिंग

म्हणजे नगामागे साडेचार रुपये वाढले. पत्र्यात वाचले ०.१० किलो, म्हणजे ६ रुपये. निव्वळ फायदा दीड रुपया. तुम्ही फक्त बीओएम बदललं तर सिस्टीम ६ रुपयांची स्वस्ताई दाखवेल, विक्रीवाले तीच धरून दर पाडून येतील, आणि मशीनच्या वेळेचा प्रतिकूल आकडा भलत्याच विभागात निघेल. दोन्ही एकाच तारखेला बदला किंवा दोन्ही थांबवा.

लेझरवर टाकायचं की नाही हा निर्णय मात्र आजच्या दराने करा. ६६ ने पत्र्याची बचत ६ रुपये ६० पैसे होते, निव्वळ २ रुपये १०. रिपोर्ट ६० वर, निर्णय ६६ वर. दोन्ही एका कागदावर आले म्हणून काही बिघडत नाही.

सिस्टीमभाऊ

एक धोक्याची सूचना माझ्याकडून. सॅप असेल तर CK24 मध्ये नवी किंमत मार्क करून रिलीज केली की हातातला सगळा साठा त्याच क्षणी नव्या स्टँडर्डवर जातो आणि फरक रिव्हॅल्युएशनच्या खात्यात पडतो. आम्हाला एकदा महिन्याच्या मधे वरून फोन आला होता, 'हा नफा कुठून आला?'

ऑडिटवाला

अगदी हेच सांगणार होतो. समजा उद्या तुम्ही पत्र्याचं स्टँडर्ड ६० चं ६६ केलं आणि स्टोअरमध्ये ६० ने घेतलेला १५,००० किलो पडून आहे. तर खात्यात ९०,००० रुपयांचा लाभ दिसेल. कोणी काही विकलेलं नाही, काही कमावलेलं नाही. तो फरक वेगळ्या खात्यात अडवून ठेवायचा आणि तो पत्रा वापरून झालेले नग विकले जातील तसतसा सोडायचा. तयार मालाचंही तेच. जुन्या पद्धतीने केलेले ३,००० नग प्रत्यक्षात जुन्या खर्चातच झालेत. नव्या स्टँडर्डमुळे ते नगामागे दीड रुपयाने स्वस्त दिसले म्हणून काही ४,५०० रुपयांचा तोटा झाला नाही.

म्हणून माझा सल्ला: मधेच बदलायचंच असेल तर महिन्याच्या पहिल्या दिवशी, कमीत कमी साठ्यावर, आणि फरकाची यादी काढून.

खरेदीखाते

मग दर कितीही वाढला तरी मधे बदलायचाच नाही का? ६० चा ९० झाला तरी?

निवृत्त_कॉस्टिंग

तेव्हा बदलते मी. माझ्या डोक्यात दोन प्रश्न असतात: वाढ परत खाली येण्यासारखी आहे का, आणि जुना दर ठेवल्याने कोणी चुकीचा निर्णय घेईल का. युसेज व्हेरिअन्स स्टँडर्ड दराने काढतो ना आपण. ९० चा पत्रा ६० ने मोजला तर ५०० किलोची नासाडी ४५,००० ऐवजी ३०,००० दिसते, आणि बॅकगेज दुरुस्त करायला मेंटेनन्सचा माणूस बोलवावा की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. ६ रुपयांसाठी मी हलत नाही. टक्केवारीची रेषा विचाराल तर प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि ती कोणीतरी आधी आखलेली असली म्हणजे बस.

ऑडिटवाला

इथे मी थोडा वेगळा आहे. १० टक्के वाढ महिनोन्महिने टिकली आणि साठा मोठा असेल, तर मी वर्षअखेरीची वाट बघू देणार नाही. स्टँडर्ड न बदलता व्हेरिअन्स साठा आणि विक्रीखर्च यांत वाटून द्या, तेही चालेल. पण सगळा प्राइस व्हेरिअन्स खर्चात टाकून मोकळं होणं नाही.

निवृत्त_कॉस्टिंग

वाटून देण्याला माझी ना नाही. आढावा तिमाहीला घ्या, बदल वर्षाला करा, असं माझं मत. यावर तुमचं-माझं जमणार नाही बहुतेक.

ताळेबंद्या

सगळ्यांचे आभार. सध्या एवढं ठरवलंय: या महिन्यात पंचच्या उरलेल्या बॅचला २.१६, लेझरच्या बॅचला पुढच्या १ तारखेपासून २.१० आणि राउटिंग त्याच दिवशी. इंजिनिअरिंगवाल्यांशी भांडावं लागेल. दर ६० वरच, फोड करून.

पण एका ठिकाणी अडलो. नेस्टिंगमध्ये टोकाच्या जागेत जो दुसरा भाग बसतो, त्याची ऑर्डर दर महिन्याला नसते. ज्या महिन्यात तो भाग नसेल त्या महिन्यात ०.०२ कसं जमणार? पट्टी पुन्हा वायाच जाणार ना?

शिफ्टसुपर

जाणारच. आणि नाव आमचंच येणार.

निवृत्त_कॉस्टिंग

चांगला प्रश्न काढलात. दोन स्टँडर्ड ठेवता येतात, जोडीने कापलं तर एक आणि एकटं कापलं तर दुसरं. पण मग जोडीने कापताना शीटचं वजन दोन भागांत कसं वाटायचं हे ठरवावं लागेल. क्षेत्रफळाने वाटलं तर लहान भागावर त्याच्या वाट्याचा पूर्ण पत्रा पडतो, तो एरवी फेकल्या जाणाऱ्या जागेतून निघाला असला तरी. तो फुकट धरला तर ब्रॅकेटची बचत नाहीशी होते आणि लहान भाग हास्यास्पद स्वस्त दिसतो. महिन्यातल्या किती शीट जोडीने कापल्या याची नोंद आहे का तुमच्याकडे? ती आणा, मग बोलू.

ताळेबंद्या

मशीनच्या प्रोग्राम लॉगमध्ये असावी. उद्या काढतो.

लेझरऑपरेटर

लॉगमध्ये शीटचा नंबर आणि प्रोग्रामचं नाव असतं, पण उरलेला तुकडा परत स्टोअरला गेला की भंगारात हे नसतं. आमच्याकडे मोठे तुकडे पुन्हा वापरतात आणि त्यांची नोंद कोणीच करत नाही. तुमचे २१,००० किलो त्यात धरूनच आहेत का?